होकायंत्राविना हवाई ते ताहिती : तारे, लाटा आणि पक्षी यांच्या आधारे समुद्रातली वाट कशी काढतात

प्रशांत महासागरात हवाई बेटे आणि ताहिती यांच्यामध्ये चार हजार किलोमीटरांहून अधिक पाणी आहे. 1 मे 1976 रोजी हवाईतील माउई बेटावरून ‘होकुलेआ’ नावाची एक जोडहोडी निघाली. आडव्या लाकडांनी एकमेकींना बांधलेल्या दोन लांब होड्या, वर दोन शिडे, असे तिचे रूप होते. होडीवर होकायंत्र नव्हते, घड्याळ नव्हते, नकाशाही नव्हता. वाट दाखवण्याचे काम मायक्रोनेशियातील सातावाल या लहानशा बेटावरच्या माउ पियाइलुग यांच्याकडे होते, आणि हे ज्ञान त्यांना घराण्यातून मिळालेले होते. 4 जूनला ही होडी ताहितीच्या पापेएते बंदरात पोहोचली. सुमारे हजार वर्षांपूर्वी पॉलिनेशियन लोक ज्या विद्येच्या बळावर हवाईला पोहोचले, ती विद्या प्रत्यक्षात चालते, हे या फेरीने दाखवून दिले.

पुढचे सर्व विवेचन याच एका मार्गाला धरून केले आहे. त्याचे एक कारण मराठी वाचकांच्या सोयीचे आहे. हवाई बेटे साधारण 19 ते 22 उत्तर अक्षांशांवर आहेत आणि मुंबई 19 अक्षांशावर आहे, त्यामुळे हवाईहून निघणाऱ्या नाविकाला पहिल्या रात्री जे आकाश दिसते ते जवळजवळ कोकणकिनाऱ्यावरचेच आकाश असते. ताऱ्यांबद्दल येथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी एप्रिल-मे महिन्यात, पावसाळी ढग येण्यापूर्वी, एखाद्या अंधाऱ्या समुद्रकिनाऱ्यावर बसून पडताळता येतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. जुना वाटाड्या ताऱ्यांकडे पाहून आपण नेमके कोठे आहोत हे ओळखत असे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तारे त्याला दोनच गोष्टी सांगत : होडीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, आणि आपण उत्तर-दक्षिण रेषेवर कोठवर आलो. पूर्व-पश्चिम रेषेवर आपण कोठे आहोत, हे घड्याळाशिवाय ताऱ्यांवरून कळत नाही, कारण पृथ्वी फिरत असल्याने तेच तारे काही वेळाने पश्चिमेकडच्या माणसालाही तसेच दिसतात. ही उणीव वाटाड्याने कशी भरून काढली, हे समजल्याशिवाय बाकीच्या युक्त्यांचा अर्थ लागत नाही.

पहिली पायरी : क्षितिजावर ताऱ्यांची घरे बसवणे

प्रत्येक तारा वर्षभर क्षितिजावरच्या एकाच बिंदूतून उगवतो आणि एकाच बिंदूत मावळतो. ऋतूप्रमाणे त्याची उगवण्याची वेळ बदलते, जागा बदलत नाही. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांपैकी सर्वांत उत्तरेकडचा तारा जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतो आणि बरोबर पश्चिमेला मावळतो. श्रवण पूर्वेच्या थोडा उत्तरेला, सुमारे 9 अंशांवर उगवतो, तर व्याध पूर्वेच्या 18 अंश दक्षिणेला उगवतो. ज्येष्ठा आणखी दक्षिणेकडे सरकून, पूर्व आणि आग्नेय यांच्या साधारण मध्यावर वर येते. सातावालच्या परंपरेत क्षितिजाचे असे 32 बिंदू मानतात आणि मुलांना ते शिकवण्यासाठी जमिनीवर दगडांचे वर्तुळ मांडतात. हवाईचे नायनोआ थॉम्प्सन यांनी पुढे क्षितिजाचे 32 समान भाग करून प्रत्येकाला ताऱ्याचे ‘घर’ म्हटले. असे एक घर सव्वाअकरा अंशांचे होते.

तारा दिशा दाखवतो तो क्षितिजाजवळ असेपर्यंतच. तो वर चढला की उगवतीच्या बिंदूपासून बाजूला सरकतो आणि दिशेचा अंदाज फसवतो. म्हणून हात लांब करून धरलेल्या एका मुठीइतका, म्हणजे साधारण 10 अंश, तारा वर आला की त्याला सोडून त्याच घरातून उगवणारा पुढचा तारा धरावा लागतो. एका रात्रीत असे आठ-दहा तारे एकामागून एक वापरात येतात. समोर ढग असतील तर मागे मावळणाऱ्या ताऱ्यावरून होडीची मागची बाजू जुळवता येते. विषुववृत्ताच्या जवळ ही पद्धत अधिक सोपी असते, कारण तेथे तारे क्षितिजातून जवळजवळ सरळ वर येतात आणि अधिक वेळ उपयोगी राहतात. युरोपातल्या उंच अक्षांशांवर ते तिरके चढतात, म्हणून ही विद्या तेथे अशा रूपात वाढली नाही यात आश्चर्य वाटू नये.

हवाईहून निघाल्यावर होडी प्रथम आग्नेयेच्या आसपास हाकावी लागते. मे महिन्यात रात्रीच्या पहिल्या प्रहरानंतर ज्येष्ठा पुढे डावीकडे उगवते, त्रिशंकू दक्षिणेला, म्हणजे पुढे उजवीकडे, उभा राहतो, आणि ध्रुव डाव्या खांद्यामागे असतो. सुकाणूवरच्या माणसाला दिशा नुसती सांगून भागत नाही. अमुक तारा शिडाच्या अमुक दोराला लागून ठेव, असे सांगावे लागते. ‘होकुलेआ’च्या कठड्यांवर पुढे यासाठी खुणा कोरल्या गेल्या, म्हणजे मागच्या ठरलेल्या जागेवर बसून त्या खुणेच्या रेषेत तारा धरता येतो.

दुसरी पायरी : किती दक्षिणेला आलो हे ओळखणे

उत्तर गोलार्धात ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच आपला अक्षांश, हे शाळेत शिकवलेले असते. मुंबईत ध्रुव 19 अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ दोन मुठींवर दिसतो. हवाईहून दक्षिणेला जाताना तो रोज थोडा खाली सरकतो, आणि विषुववृत्ताला पोहोचण्याच्या आधीच क्षितिजावरच्या धूसर पट्ट्यात नाहीसा होतो. तेथून पुढे त्याच्यावर विसंबता येत नाही.

मग त्रिशंकू उपयोगी पडतो. त्याच्या लांब बाजूचे वरचा आणि खालचा हे दोन तारे एकमेकांपासून 6 अंशांवर आहेत. तो दक्षिणेला सरळ उभा असताना हवाईत 21 अक्षांशावर खालचा ताराही क्षितिजापासून बरोबर 6 अंशांवर असतो. म्हणजे दोन ताऱ्यांमधले अंतर आणि खालच्या ताऱ्याची क्षितिजापासूनची उंची सारखीच दिसते. यात कोणतेही मोजमाप करावे लागत नाही, दोन अंतरे सारखी आहेत की नाहीत एवढेच डोळ्याला ठरवायचे असते. मुंबईत खालचा तारा 8 अंशांवर असल्याने खालची जागा वरच्या अंतरापेक्षा किंचित मोठी दिसते. मेच्या मध्यास रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिणेचे क्षितिज मोकळे असेल तर हे स्वतः पाहता येईल. ताहितीला पोहोचेपर्यंत तोच तारा साडेचव्वेचाळीस अंशांपर्यंत वर चढलेला असतो.

डोक्यावरून जाणाऱ्या ताऱ्याचीही अशीच मदत होते. होडीला ज्याचे नाव दिले तो ‘होकुलेआ’ म्हणजे आपला स्वाती, आणि तो हवाईच्या थेट माथ्यावरून जातो. तो मुंबईच्याही माथ्यावरूनच जातो. ताहितीच्या माथ्याजवळून व्याध जातो. मात्र हलणाऱ्या होडीवर उताणे पडून तारा अगदी डोक्यावर आहे की अंशभर बाजूला, हे ठरवणे फार कठीण आहे, आणि माझ्या मते या खुणेचे जेवढे कौतुक होते तेवढी ती एकटी भरवशाची नाही.

तिसरी खूण मला सर्वांत सुंदर वाटते. ती नायनोआ थॉम्प्सन यांनी नव्याने बसवलेल्या पद्धतीत आहे, आणि पॉलिनेशियन पूर्वज नेमकी हीच वापरत असत असा दावा करता येत नाही. व्याध आणि पुनर्वसूतला अधिक तेजस्वी तारा यांच्या मावळण्याकडे लक्ष ठेवायचे. मुंबईच्या किनाऱ्यावर व्याध समुद्रात बुडाल्यानंतर हा पुनर्वसूतला तारा सुमारे दोन तासांनी मावळतो. विषुववृत्तावर हे अंतर एक तासाचे होते. दक्षिणेकडे जावे तसे ते कमी होत जाते, आणि ताहितीच्या अक्षांशावर दोघेही एकाच वेळी मावळतात. व्याध आधी बुडाला तर होडी अजून उत्तरेला आहे, पुनर्वसू आधी बुडाला तर ती दक्षिणेकडे पुढे निघून गेली आहे. जूनच्या आरंभी ताहितीत हे दृश्य सूर्यास्तानंतर तीन तासांच्या आत घडते, त्यामुळे त्या प्रवासाला ते नेमके सोयीचे पडते.

या खुणेची मर्यादाही समजून घ्यावी. एका अक्षांशाला अवघा साडेतीन मिनिटांच्या आसपास फरक पडतो. पुनर्वसूचा तारा व्याधापेक्षा बराच मंद असल्याने तो क्षितिजाला टेकण्यापूर्वीच धुक्यात विरतो, आणि आपण आहोत त्यापेक्षा अधिक दक्षिणेला आलो असा भास होतो. अशा सर्व खुणा एकत्र धरल्या तरी अनुभवी डोळ्याची चूक अंशभर तरी होऊ शकते. एक अंश म्हणजे 60 समुद्री मैल, किंवा 111 किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढे पक्ष्यांशी त्याचा हिशेब जुळवायचा आहे.

तिसरी पायरी : तारे नसताना लाटांवर हाकणे

दिवसा, आणि ढगाळ रात्री, होडीची दिशा लाटांवरून धरतात. येथे दोन प्रकारच्या लाटा वेगळ्या ओळखाव्या लागतात. आत्ता वाहणाऱ्या वाऱ्याने उठलेल्या आखूड, तुटक लाटा वाऱ्याबरोबर दिशा बदलतात; त्यांच्यावर विसंबू नये. हजारो किलोमीटर दूरच्या स्थिर वाऱ्यांनी किंवा वादळांनी उठवलेल्या लांब, गोल पाठीच्या लाटा मात्र कित्येक दिवस एकाच दिशेने येत राहतात. हवाईच्या दक्षिणेला ईशान्येकडच्या व्यापारी वाऱ्यांची अशी लांब लाट असते, आणि मे-जूनमध्ये दक्षिण गोलार्धातल्या हिवाळी वादळांची आणखी एक लांब लाट दक्षिणेकडून येते.

आग्नेयेकडे तोंड असलेल्या जोडहोडीला ईशान्येची लाट बरोबर डाव्या कुशीला लागते. आधी डावी होडी उचलली जाते, मग उजवी, आणि पुढची-मागची टोके एकाच वेळी वर-खाली होतात. होडी नकळत दक्षिणेकडे वळली, तर लाट डावीकडून मागच्या बाजूने येऊ लागते, मागचे टोक आधी उचलले जाते आणि होडी मुरगळल्यासारखी पुढे ढकलली जाते. ती पूर्वेकडे वळली, तर नाळ आधी वर जाते आणि वेग मंदावतो. हा फरक डोळ्यांपेक्षा शरीराला लवकर कळतो. म्हणून वाटाडे होडीच्या आत आडवे पडून लाटा ओळखत, आणि अर्धवट झोपेतही होडीची चाल बदलली की जागे होत.

लाटांची दिशा आपोआप कळत नाही, ती ताऱ्यांवरून किंवा सूर्यावरून ठरवून घ्यावी लागते. यासाठी सर्वांत महत्त्वाची वेळ सूर्योदयाची. त्या वेळी सूर्य कोठे उगवतो हे ठाऊक असते, आणि तिरप्या उजेडात लाटांच्या रांगा स्पष्ट दिसतात. त्या वेळी प्रत्येक लांब लाट सूर्याच्या कोणत्या बाजूने येते ते मनात बसवायचे आणि दुपारभर त्यावर चालायचे. सूर्यास्ताला पुन्हा पडताळायचे. मे महिन्यात सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला उगवतो आणि महिनाभरात आणखी सात-आठ अंश सरकतो, हे विसरल्यास सगळा हिशेब तेवढ्याने चुकतो.

ही पद्धत सर्वांत जास्त फसते ती विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या शांत पट्ट्यात. तेथे वारा पडतो, आकाश भरून येते, आणि वेगवेगळ्या दिशांच्या लाटा एकमेकींत मिसळून पाणी नुसते डुचमळते. अशा वेळी चुकीच्या दिशेने वेगाने जाण्यापेक्षा शिडे उतरवून आकाश उघडण्याची वाट पाहणे शहाणपणाचे असते.

लाटांचा आणखी एक उपयोग मार्शल बेटांवरच्या नाविकांनी फार पुढे नेला. बेटाला धडकून लांब लाट वाकते आणि काही अंशी परत फिरते, म्हणून बेटाच्या भोवती ठरावीक प्रकारे लाटांचे छेद तयार होतात. नारळाच्या पातीच्या शिरा आणि कवड्या बांधून ते या छेदांची आकृती तयार करत. ती शिकण्या-शिकवण्यासाठी किनाऱ्यावर वापरली जाई, होडीवर नेली जात नसे.

चौथी पायरी : पूर्व-पश्चिमेची उणीव मनातल्या हिशेबाने भरणे

हा भाग बाहेरून दिसत नाही आणि सर्वांत अवघड तोच आहे. ज्या रेषेवर तारे बोलत नाहीत, तेथे वाटाड्या वेग, वेळ आणि दिशा यांची बेरीज करत राहतो. ‘होकुलेआ’ सुमारे 19 मीटर लांब आहे. नाळेजवळ उठलेला फेस मागच्या टोकापर्यंत जाण्यास साधारण साडेसात आकडे संथपणे मोजावे लागले, तर वेग ताशी 5 समुद्री मैल असतो. यात ताशी एका मैलाची चूक झाली, तर दिवसभरात 24 मैलांचा घोटाळा होतो, आणि प्रवास महिन्याचा असतो. त्यात प्रवाहांची भर पडते. विषुववृत्ताजवळचा मोठा प्रवाह होडीला पश्चिमेकडे ढकलतो, आणि चहूबाजूंनी पाणीच असल्याने हे ढकलणे दिसत मात्र नाही.

हा हिशेब एका माणसाच्या डोक्यात असतो, म्हणून तो माणूस फारसा झोपत नाही. त्याची डुलकी लांबली आणि त्या वेळात होडी कोठे वळली हे कोणी सांगू शकले नाही, तर बेरजेतला तेवढा आकडा कायमचा हरवतो.

हिशेब चुकणारच हे गृहीत धरून चूक कोणत्या बाजूला व्हावी, हे आधीच ठरवलेले असते. ताहिती माउईपेक्षा सुमारे 7 रेखांश पूर्वेला आहे. उत्तरेत वारा ईशान्येकडून येतो तोपर्यंत होडी पूर्वेकडे सरकू शकते, पण विषुववृत्त ओलांडल्यावर वारा आग्नेयेकडून येऊ लागतो आणि तिला पश्चिमेकडे लोटतो. म्हणून सुरुवातीच्या दिवसांतच गरजेपेक्षा अधिक पूर्वेला जायचे. चुकून बेटाच्या पूर्वेला पोहोचलो तर वाऱ्याबरोबर सहज पश्चिमेला येता येते. चुकून पश्चिमेला राहिलो तर वाऱ्याविरुद्ध परत जाण्यात आठवडे जातात.

परतीच्या प्रवासात हीच युक्ती आणखी स्पष्ट दिसते. ताहितीहून हवाईकडे येताना बेटांच्या बऱ्याच पूर्वेकडचा बिंदू धरून उत्तरेला जायचे, ध्रुव दोन मुठींवर आला आणि त्रिशंकूची दोन अंतरे सारखी झाली की थांबायचे, आणि पश्चिमेला वळायचे. नेमके किती दूर जायचे हे ठाऊक नसते, पण कोणत्या बाजूला वळायचे याबद्दल शंका उरत नाही. थेट बेटावर नेम धरला असता तर अक्षांश गाठल्यावर बेट डावीकडे की उजवीकडे, हाच प्रश्न पडला असता.

पाचवी पायरी : शेवटचे चाळीस किलोमीटर

ताहितीच्या वाटेवर ईशान्येला तुआमोतू बेटांची लांबच लांब माळ पसरलेली आहे. ही सखल प्रवाळबेटे आहेत. त्यांवरची नारळाची झाडे होडीतून साधारण 10 समुद्री मैलांपेक्षा लांबून दिसत नाहीत. पक्षी हा परीघ वाढवतात. पांढरा सुरय आणि काळपट रंगाचा नॉडी हे दोन पक्षी रात्री जमिनीवर परततात, आणि ते मोठ्या संख्येने दिसू लागले की बेट साधारण 20 ते 25 मैलांच्या आत असते असे समजतात. पांढरा सुरय याहून खूप दूरपर्यंत जातो असेही अनेक नाविक मानतात, पण हिशेबासाठी लहान आकडा धरणे सुरक्षित असते.

म्हणजे दिसण्याचा 10 मैलांचा परीघ पक्ष्यांमुळे दुप्पट होतो. तरीही ताऱ्यांची अंशभराची चूक 60 मैलांची आहे, आणि एका एकट्या बेटाभोवतीचे हे वर्तुळ ती पूर्ण झाकू शकत नाही. येथे तुआमोतूची माळ कामाला येते. शेजारच्या बेटांची पक्ष्यांची वर्तुळे एकमेकांत मिसळून शेकडो किलोमीटर लांब जाळे तयार होते, आणि होडीला त्या जाळ्यात कोठेही शिरले तरी चालते. म्हणूनच 1976 च्या फेरीत माउ पियाइलुग यांनी आधी ताहिती नव्हे, तर या माळेच्या पश्चिम टोकाजवळचे माताइवा बेट गाठले. आपण कोणत्या बेटावर आहोत हे एकदा कळले की साचलेली सगळी चूक पुसली जाते, आणि तेथून दक्षिणेला ताहिती सुमारे 300 किलोमीटरच राहते.

सर्वच पक्षी उपयोगाचे नसतात. अल्बट्रॉस, पेट्रेल यांसारखे पक्षी महिनोन्‌महिने समुद्रावर राहतात. त्यांच्यामागे गेलेला नाविक कोठेही पोहोचत नाही. एकट्यादुकट्या पक्ष्यावरही निर्णय घेऊ नये. दुपारी मासे शोधत घिरट्या घालणारा सुरय काहीच सांगत नाही. पाहण्याच्या वेळा दोनच आहेत. पहाटे पक्षी बेटाकडून समुद्राकडे निघतात, आणि सूर्यास्ताच्या सुमारास पाण्यापासून उंच उठून, इकडे तिकडे न पाहता, सरळ घराकडे जातात. संध्याकाळचा पक्षी अधिक खात्रीचा असतो, पण त्याच्यामागे जाताना अंधार पडतो आणि सखल बेटाभोवती प्रवाळाचे खडक असतात. म्हणून त्याची दिशा एखाद्या मावळत्या ताऱ्याशी जुळवून लक्षात ठेवावी, शिडे कमी करून रात्र जागेवरच काढावी, आणि उजाडल्यावर पुन्हा पक्ष्यांची वाट पाहावी.

1980 मध्ये नायनोआ थॉम्प्सन स्वतः वाटाडे म्हणून ‘होकुलेआ’ ताहितीला नेत होते आणि माउ पियाइलुग सोबत होते. आदल्या संध्याकाळी पक्षी दिसले होते. सकाळी पुन्हा एक पक्षी उडताना दिसला. सकाळचा पक्षी बेटाकडून बाहेर निघालेला असतो, या नियमानुसार थॉम्प्सन यांनी होडी पक्ष्याच्या उलट दिशेला वळवली. बऱ्याच वेळाने माउ उठले आणि होडी फिरवून पक्ष्याच्या मागे जाण्यास त्यांनी सांगितले. त्या पक्ष्याच्या चोचीत लहानसा मासा होता. विणीचा हंगाम होता, घरट्यात पिले होती, त्यामुळे तो सकाळीच मासा घेऊन परत चालला होता. होडी वळवल्यानंतर सुमारे तासाभरात बेट दिसले.

म्हणून विणीच्या दिवसांत सकाळचा नियम लावण्यापूर्वी पक्ष्याची चोच पाहावी, आणि पक्षी लांब असल्याने ती दिसत नसेल तर त्याच दिशेने जाणारा दुसरा पक्षी येईपर्यंत होडी वळवू नये.